दुधाच्या बाटलीचं वर्णन कसं लिहावं

"भाऊ, हाई बाटली कितला महिनाना पोऱ्याले चाली?" पारोळ्याहून एका बापाचा हा प्रश्न आला, तेव्हा माझ्या कॅटलॉगमध्ये त्या बाटलीखाली एकच ओळ होती: "० ते १८ महिने, १०० टक्के सुरक्षित, धुवायला सोपी." ती ओळ मी खोक्यावरूनच उतरवून घेतली होती. मी त्याला "चालेल" म्हणालो. चार दिवसांनी त्याची आई बाटली परत घेऊन अमळनेरला दुकानात आली. दुधाची धार इतकी जोरात यायची की दीड महिन्याच्या बाळाला प्रत्येक घोटाला ठसका लागत होता. बाटली चांगली होती, पण तिच्यावर लावलेलं टीट, म्हणजे बाळ चोखतं ते टोक, सहा महिन्यांपुढच्या बाळाचं होतं. खोक्यावर सगळ्या वयांचं एकच लेबल, आणि मीही शहाणपणा न करता तेच छापलं.

तेव्हापासून बाटलीचं वर्णन मी स्वतः बाटली हातात घेऊन लिहितो. कसं लिहितो ते इथे एकाच बाटलीवर दाखवतो: १५० मिलीची साधी प्लास्टिकची बाटली, सिलिकॉनचं टीट, वर झाकण. दुकानदार असाल, घरबसल्या विकत असाल किंवा नणंदेला बाटली निवडून देत असाल, तिन्हीसाठी हे तपासणं सारखंच आहे.

लिहिण्याआधी कायदा बघा

बाबागाडी विकताना तुम्ही गुटगुटीत बाळाचा फोटो टाका, "दिवाळी धमाका" लिहा, काही बिघडत नाही. दुधाच्या बाटलीला ते चालत नाही. १९९२ चा शिशु दुग्ध पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि शिशु आहार यांचा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यात बाटलीच्या जाहिरातीलाच बंदी आहे. बाटली विकायला बंदी नाही, तिची भलामण करायला आहे. आणि बाटली म्हणजे नुसती बाटली नाही, टीट आणि व्हॉल्व्हसुद्धा त्यात धरले आहेत. त्यामुळे "टीट आहे, बाटली नाही" ही पळवाट उरत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की फुकट नमुना द्यायचा नाही, बाटलीवर भेटवस्तू लावायची नाही, आणि विक्री वाढवायला गरोदर बाईला किंवा तान्ह्या बाळाच्या आईला गाठायचं नाही. आपल्याकडे दवाखान्यातून किंवा ओळखीतून नंबर मिळवून "अभिनंदन ताई, आमच्याकडे बाटल्या आल्यात" असे मेसेज पाठवतात, ते सरळ या कलमात बसतं. "एकावर एक" आणि कूपन यांच्या वाटेला मी जातच नाही. "आईच्या दुधाइतकंच", "आईसारखा स्पर्श" ही वाक्यं मी खोक्यावर असली तरी वर्णनात घेत नाही. बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या डब्यावर बाळाचा किंवा बाईचा फोटो छापायला याच कायद्यात मनाई आहे. बाटलीच्या माहितीतही मी बाळाचा फोटो टाकत नाही. पांढऱ्या कागदावर बाटली, शेजारी पट्टी, झाला फोटो.

मग लिहायचं काय? विशेषणं काढून टाकली की जे उरतं ते. आणि गंमत म्हणजे आईबापाला नेमकं तेच हवं असतं.

वय: बाटलीचं नसतं, टीटचं असतं

एकाच बाटलीवर टीट बदललं की तीच बाटली नवजात बाळाला चालते आणि आठ महिन्यांच्या बाळालाही. म्हणून "० ते १८ महिने" या ओळीला अर्थ नाही. टीटवर १, २, ३ असे आकडे किंवा एस, एम, एल अशी अक्षरं असतात, पण ती प्रत्येक कंपनीची आपापली असतात. एका कंपनीचं १ नंबर दुसरीच्या २ नंबराइतकं सुटतं. मी तरी दोन बाटल्या शेजारी धरून हे पाहिलंय.

म्हणून धार स्वतः बघा. बाटलीत साधं, खोलीच्या तापमानाचं १०० मिली पाणी घाला, टीट बसवायची रिंग हाताला लागेल एवढीच आवळा (फार आवळली तर हवा आत जात नाही आणि धार खोटी मंद दिसते), आणि बाटली सरळ उलटी धरा. पहिली एखादी चिळकांडी सोडून द्या, ती आतल्या दाबाची असते. त्यानंतर सेकंदाला साधारण एक थेंब या गतीने पाणी ठिबकलं तर ते मंद टीट, लहान बाळाचं. थेंब भराभर पडून मोजता येईनासे झाले तर मध्यम. धार लागली तर ते मोठ्या बाळाचं टीट, खोक्यावर काहीही छापलेलं असो. ठसक्याची तक्रार आलेली ती बाटली मी नंतर अशीच उलटी धरली, तर दोरा सोडल्यासारखी धार लागली. हे दुकानात दोन मिनिटांत कळलं असतं.

वर्णनात मग कंपनीचा दावा आणि आपली तपासणी दोन्ही वेगवेगळं लिहा: "कंपनीने ० ते ३ महिने म्हटलं आहे, उलटी धरल्यावर थेंब थेंब पडतो." शेजारी आईला उपयोगी पडेल अशी एक ओळ द्या. दूध ओठांच्या कडेने ओघळतं, बाळ डोळे मोठे करतं, ठसका लागतो, तर टीट फार सुटं आहे. उलट बाळ ओढून ओढून थकतं, टीट आत चपटं होतं, पाजता पाजताच झोप लागते, तर छिद्र लहान पडतंय. टीटला सुई तापवून छिद्र मोठं करायची घरगुती युक्ती खान्देशात अजून चालते. ते करू नका असं वर्णनात स्पष्ट लिहावं, कारण फाटलेल्या कडेचा तुकडा बाळाच्या तोंडात सुटू शकतो.

दुसरा प्रश्न बाटलीच्या आकाराचा. वरचं दूध घेणाऱ्या बाळाला पहिल्या काही महिन्यांत दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १५० मिली दूध लागतं असा ठोकताळा आहे. दोन महिन्यांचं पाच किलोचं बाळ धरा, म्हणजे दिवसाला ७५० मिली. सहा-सात वेळा पाजलं तर एका वेळी ११० ते १२५ मिली. म्हणजे आपली १५० मिलीची बाटली या बाळाला पुरते, पण सात किलोच्या बाळाला काठोकाठ भरेल. वर्णनात हे असं लिहिलं की गिऱ्हाईक "मोठीच घेऊ, दोन वर्षं चालेल" असं म्हणत नाही. मोठ्या बाटलीत ६० मिली दूध तळाला पसरतं, टीटमध्ये हवा राहते, बाळ हवा गिळतं. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाचं माप वेगळं असतं, ते डॉक्टरांनीच सांगायचं. तिथे आपण दुकानदारांनी तोंड उघडू नये.

वरची मर्यादाही लिहा. वर्षाच्या पुढे बाळाला पेल्याकडे वळवावं असं डॉक्टर सांगतात, रात्री तोंडात बाटली घेऊन झोपलं की पुढचे दात किडतात. आणि एक ओळ मी प्रत्येक बाटलीखाली टाकतो: पहिले सहा महिने नुसतं आईचं दूध, आणि वरचं द्यावंच लागलं तर वाटी-चमचाही चालतो. यावर माझा पुतण्या म्हणतो, काका, मग बाटली विकता कशाला. आमच्या आजीकडे चांदीचं बोंडलं होतं, त्यातून आम्ही सगळे वाढलो. वाटी धुवायला बाटलीपेक्षा शंभर पटीने सोपी, हे कुणी नाकारू शकत नाही. पण कामावर जाणारी आई, आजारी आई, दत्तक बाळ ही गरज खरी असते. त्यांना खोटी नको, खरी माहिती हवी.

माप: किचनच्या काट्यावर

हे बहुतेक वर्णनात नसतंच. बाटलीवर छापलेल्या रेघा खऱ्या आहेत का? आईने १०० मिलीच्या रेघेपर्यंत पाणी घालून पावडर टाकली आणि प्रत्यक्षात पाणी ९० मिलीच असलं, तर दूध घट्ट होतं. तपासायला पैसे लागत नाहीत. रिकामी कोरडी बाटली वजनकाट्यावर ठेवून शून्य करा, सपाट जागेवर डोळ्याच्या रेषेत बघत १०० च्या रेघेपर्यंत पाणी घाला आणि वजन बघा. १०० मिली पाणी १०० ग्रॅम भरतं. माझ्या हातातल्या या बाटलीत ९८ ग्रॅम भरलं, म्हणजे ठीक. याआधी होलसेलमध्ये घेतलेल्या एका लॉटमध्ये ११३ भरलं होतं. तो लॉट मी परत केला.

रेघा छापील आहेत की उठावाच्या, तेही लिहा. छापील रेघा उकळून उकळून दोनेक महिन्यांत पुसट होतात. उठावाच्या राहतात, पण दूध भरल्यावर त्या पांढऱ्यात पांढऱ्या दिसतात, डोळे ताणून बघाव्या लागतात.

साहित्य: "फूड ग्रेड" नव्हे, नाव लिहा

"फूड ग्रेड प्लास्टिक", "बीपीए फ्री" ही दोन वाक्यं प्रत्येक बाटलीवर असतात. बीपीए हे रसायन प्रामुख्याने पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकात लागतं, जे काचेसारखं लख्ख पारदर्शक आणि टणक असतं. लहान बाळाच्या बाटल्यांसाठी ते युरोपात २०११ पासून बंद झालं. आता बाजारातल्या बहुतेक स्वस्त बाटल्या पॉलिप्रोपिलीनच्या असतात, आणि पॉलिप्रोपिलीन बनवायला बीपीए लागतच नाही. त्यावर "बीपीए फ्री" लिहिणं म्हणजे मिठाच्या पुडीवर "कोलेस्टेरॉलमुक्त" लिहिणं. खोटं नाही, पण त्यातून काही कळत नाही.

त्यापेक्षा बाटलीचा तळ बघा. तळाला त्रिकोणात ५ आणि खाली पीपी असेल तर ते पॉलिप्रोपिलीन. ते जरा दुधट, धुरकट दिसतं, पिळलं की किंचित दबतं, आणि उकळत्या पाण्यात टिकतं. ७ म्हणजे "इतर", त्यात पॉलिकार्बोनेटही येतं आणि ज्यात बीपीए नाही अशी नवी पारदर्शक प्लास्टिकंही येतात. तेव्हा ७ दिसला म्हणजे वाईट असं नाही, पण कंपनीकडून प्लास्टिकचं नाव मागून घ्या, आणि नाव मिळालं नाही तर माल घेऊ नका. मधासारख्या पिवळसर रंगाची महागडी बाटली असते तिला पीपीएसयू म्हणतात, ती उष्णता जास्त सोसते.

काच आणि स्टील यांबद्दल गिऱ्हाईक हल्ली बरंच विचारतं. काचेला वास लागत नाही, ओरखडे पडत नाहीत, पण ती जड असते, आणि उकळून काढल्या काढल्या थंड पाण्याखाली धरली तर तडकते. बोरोसिलिकेट काच हा धक्का बऱ्यापैकी सोसते, साधी नाही. स्टीलची बाटली पडली तरी फुटत नाही. पण आत किती दूध आहे, किती प्यायलं, तळाला काही चिकटलंय का, हे बाहेरून दिसत नाही. फायदा सांगतानाच तोटाही त्याच वाक्यात सांगा, म्हणजे बाटली परत येत नाही.

आपल्या देशात बाटलीवर आयएसआयचा शिक्का लागतो, याच कायद्याने. प्लास्टिकच्या बाटलीचं मानक आयएस १४६२५, काचेच्या बाटलीचं आयएस ५१६८. शिक्क्यावर वर हा आकडा आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक बीआयएस केअर नावाच्या मोबाईल ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे, कोणत्या वस्तूचा आहे, चालू आहे की संपला, हे दिसतं. वर्णन लिहिण्याआधी एवढं कराच. शिक्का असतो, पण क्रमांक दुसऱ्याच कंपनीचा निघतो, किंवा शिक्क्याखाली क्रमांकच नसतो, असा मालही येतो. प्लास्टिकमध्ये खरोखर काय आहे हे दुकानात बसून कुणालाच तपासता येत नाही, म्हणून मी "सुरक्षित" हा शब्द लिहीत नाही. तळाला काय कोरलंय आणि परवाना चालू आहे का, ते लिहितो.

बाटली एकाच साहित्याची नसते, हेही लक्षात ठेवा. बाटली पॉलिप्रोपिलीनची, टीट सिलिकॉनचं, रिंग आणि झाकण पुन्हा वेगळं. बाळाच्या तोंडात जातं ते टीट, आणि वर्णनात सगळ्यात कमी शब्द त्यालाच मिळतात. सिलिकॉन पाण्यासारखं स्वच्छ दिसतं आणि उकळून फार बदलत नाही. रबराचं टीट पिवळट-तपकिरी असतं, मऊ असतं, पण उन्हाने आणि उकळण्याने लवकर चिकट होतं, आणि काही बाळांना त्याची ॲलर्जी असते. दोन्हींसाठी एक सूचना द्या: रोज वापरण्याआधी टीट टोकाला धरून ताणून बघा. चीर दिसली, चिकट लागलं, फुगलं किंवा रंग बदलला तर लगेच टाका, आणि काही दिसलं नाही तरी दोन-तीन महिन्यांनी बदला.

आणखी एक गोष्ट पॉलिप्रोपिलीनच्या बाबतीत सांगावी लागते. २०२० मध्ये आयर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की या बाटलीत खूप गरम पाणी घालून जोरात हलवलं की प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण दुधात सुटतात, आणि पाणी जितकं गरम तितके जास्त. शरीरावर त्याचा परिणाम काय, हे अजून ठरायचंय, म्हणून गिऱ्हाईकाला घाबरवायचं कारण नाही. पण उपाय सोपा आहे. पावडरीचं दूध किमान ७० अंशाच्या पाण्यात कालवावं लागतं, कारण पावडर निर्जंतुक नसते. ते उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात किंवा काचेच्या पेल्यात कालवा, कोमट झालं की बाटलीत ओता, पाजण्याआधी थेंबभर मनगटावर टाकून बघा. मायक्रोवेव्हमध्ये बाटली तापवू नका. बाहेरून कोमट लागते आणि मधलं दूध भाजतं.

स्वच्छता: किती तुकडे सुटतात ते मोजा

"धुवायला सोपी" लिहिण्याआधी बाटली पूर्ण सोडवून ताटात मांडा आणि तुकडे मोजा. आपल्या बाटलीचे चार होतात: बाटली, टीट, रिंग, झाकण. गॅस होऊ नये म्हणून तळाला व्हॉल्व्ह असलेल्या बाटल्यांचे सहा-सात होतात, त्यात एक नखाएवढी सिलिकॉनची चकती असते. चोपड्याच्या एका ताईने तक्रार केली की बाटलीला आंबूस वास जात नाही, दोनदा उकळली तरी नाही. मी सोडवून बघितलं तर ती चकती कधी निघालीच नव्हती. ती सुटते हेच तिला माहीत नव्हतं, आणि मी वर्णनात लिहिलं नव्हतं. चकतीखाली दही लागल्यासारखा थर होता. आता सुटलेल्या तुकड्यांचा ताटातला फोटो मी पहिल्या फोटोशेजारीच टाकतो.

तोंडाची रुंदी पट्टीने मोजून लिहा. ३५ मिलीमीटरच्या तोंडात ब्रश जातो, पण हात जात नाही. ५० च्या तोंडात बोटं घालून आतून घासता येतं. आईला हे "रुंद तोंड" या शब्दांपेक्षा जास्त कळतं.

धुण्याची पद्धत मी वर्णनात अशी देतो. पाजून झालं की उरलेलं दूध लगेच ओतून टाका. बाळाने एकदा तोंड लावलं की तासाभरात ते संपवायचं, नाहीतर टाकायचं, कारण लाळ आत जाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा तर ओट्यावर ठेवलेलं अर्धं दूध "मग पाजू" म्हणून ठेवूच नका. सगळे तुकडे सोडवून गरम पाण्यात, साबणाने, वेगळ्या ब्रशने घासा. भांड्यांच्या तारेच्या घासणीने नको, तिने ओरखडे पडतात आणि ओरखड्यात दुधाची साय बसते. टीट उलटं करून आतून घासा आणि छिद्रातून पाणी पिळून काढा. स्वच्छ पाण्याने धुवून मोठ्या पातेल्यात घाला, सगळं पाण्याखाली बुडालं पाहिजे आणि बाटलीत हवा अडकलेली नको. पाण्याला उकळी फुटली की तिथून १० मिनिटं मोजा. टीटसाठी कंपनीने वेगळा वेळ दिला असेल तर तो पाळा. पातेल्याच्या तळाला जाळी किंवा स्वच्छ फडकं घाला, नाहीतर पाणी आटलं की प्लास्टिक तळाला लागून वाकडं होतं. नंतर हात धुवून, चिमट्याने काढून, स्वच्छ जाळीवर उलटं ठेवून वाऱ्यावर वाळू द्या. पदराने किंवा टॉवेलने पुसायचं नाही. गच्चीवर उन्हात वाळत घालणं आपल्याकडे फार होतं. त्याने धूळ बसते आणि रबर लवकर चिकट होतं. धुणं प्रत्येक वेळी. उकळणं लहान बाळासाठी प्रत्येक वापरानंतर केलेलं उत्तम, निदान दिवसातून एकदा तरी.

आता आपल्या भागातली खरी डोकेदुखी. बोअरचं पाणी जड. चार दिवस उकळलं की बाटलीवर पांढरा थर चढतो आणि गिऱ्हाईक फोन करतं: "भाऊ, बाटलीले बुरशी लागनी." बहुतेक वेळा ती बुरशी नसते, क्षार असतात. ओळखायची रीत वर्णनातच द्या. थर खडूसारखा कोरडा असेल तर क्षार. अर्धं पाणी, अर्धं साधं पांढरं व्हिनेगर यात अर्धा तास भिजवला की निघतो. मग साबणाने धुवून पुन्हा उकळायचं. थर बोटाला ओशट लागला तर ते दुधाचं स्निग्ध, घासणं कमी पडलंय, गरम पाणी आणि साबण लागेल. आणि टीटच्या कडेला किंवा व्हॉल्व्हपाशी काळे-करडे ठिपके असतील तर ती बुरशी, तो तुकडा धुवत बसू नका, टाका. क्षार टाळायचे तर उकळायला फिल्टरचं पाणी वापरा. पण फिल्टरच्या पाण्याने नुसतं विसळलं म्हणजे बाटली निर्जंतुक झाली, हा समज चुकीचा आहे.

आपल्या बाटलीचं वर्णन, लिहून झालेलं

वरच्या सगळ्या तपासणीनंतर माझ्या कॅटलॉगमध्ये ही बाटली अशी आहे:

"दूध पाजण्याची बाटली, १५० मिली. बाटली पॉलिप्रोपिलीनची (तळाला ५, पीपी), टीट सिलिकॉनचं, मंद धारेचं. कंपनीने ० ते ३ महिने म्हटलं आहे. आम्ही पाणी भरून उलटी धरली तेव्हा थेंब थेंब पडतो. पाच किलोच्या आसपासच्या बाळाला एका वेळेचं दूध मावतं. त्याहून मोठ्या बाळाला बाटली लहान पडेल आणि टीट बदलावं लागेल. आयएस १४६२५ चा शिक्का आहे, परवाना क्रमांक फोटोत दिसतो. रेघा छापील आहेत, उकळून पुसट होतात. १०० च्या रेघेला ९८ ग्रॅम पाणी भरलं. चार तुकडे सुटतात, व्हॉल्व्ह नाही. तोंड ३५ मिमी, ब्रश लागतो, हात जात नाही. १० मिनिटं उकळता येते, पातेल्याच्या तळाला टेकवू नये. मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. बोअरच्या पाण्याने पांढरा थर चढतो, तो व्हिनेगरने निघतो. टीट दर दोन-तीन महिन्यांनी बदला, चिरलं तर त्याच दिवशी. पहिले सहा महिने आईचं दूधच पुरेसं असतं. वरचं द्यायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा, वाटी-चमच्यानेही देता येतं."

याच्या खाली कंपनीचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनली, खोक्यात किती नग आणि एमआरपी. ऑनलाइन विकताना हे द्यावंच लागतं.

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही, आणि "रेघा पुसट होतात", "हात जात नाही" असं लिहिल्याने खप कमी होईल अशी भीती मलाही होती. तसं झालं नाही, उलट "वास जात नाही" आणि "ठसका लागतो" हे फोन थांबले.

नवा लॉट आला की खोकं तेच दिसतं, पण आतलं टीट बदललेलं असू शकतं. प्रत्येक खोक्यातल्या बाटलीच्या तळाची खूण, परवाना क्रमांक आणि धार एवढं पुन्हा बघा, आणि वर्णनाच्या शेवटी तपासल्याचा महिना टाका. गेल्या वेळी माझ्या याच बाटलीत तोंड ३५ चं ३७ झालं होतं आणि जुनं टीट बसत नव्हतं. तेही लिहावं लागलं.